तेजीच्या सालांतील सावधपणा दप्तरांत कसा ओळखावा : भीमथडी व शिरूर (१८६१–१८७५)

सन १८७५ च्या मे महिन्याच्या १२ व्या तारखेस, बाजाराच्या दिवशीं, सुपें येथें कुळांचा जमाव सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चालून गेला आणि त्यानें वह्या व रोखे बाहेर काढून जाळले. ही हकीकत इतिहासाच्या वाचकांस परिचयाची आहे. सुपें तेव्हां भीमथडी तालुक्यांत होतें; आज तें बारामतींत आहे, आणि जुन्या भीमथडीचा उत्तरेकडील बराच भाग आजच्या दौंड तालुक्यांत मोडतो. त्यापूर्वीं कांहीं महिने, १८७४ च्या अखेरीस, शिरूर तालुक्यांतील कर्डें गांवीं काळूराम नांवाच्या मारवाडी सावकारानें बाबासाहेब देशमुख यांजवर सुमारें दीडशें रुपयांचा हुकूमनामा मिळवून त्यांचें घर पाडण्यास घेतलें, आणि गांवानें सावकारावर बहिष्कार घातला. दंग्याचा इतिहास सांगणारे लेखक बहुधा या दोन गांवांपासून आरंभ करितात. प्रस्तुत लेखाचा आरंभ त्यापूर्वीं दहा-बारा वर्षें होतो, आणि त्याचा प्रश्नही निराळा आहे. १८६१ ते १८६५ या तेजीच्या सालांत ही तेजी टिकणारी नव्हे असें कोणास उमगलें होतें काय, आणि उमगलें असल्यास तें कोणत्या कागदावरून सिद्ध करितां येईल?

असा प्रश्न करण्याचें कारण असें कीं, पडझडीनंतर लिहिलेल्या आठवणींत शहाण्यांची संख्या नेहमीं फुगलेली आढळते. भाव उतरल्यावर "आम्हांस हें आधींच दिसत होतें" असें सांगणारा मनुष्य प्रत्येक पेठेंत भेटतो. अशा कथनास आम्ही पुरावा मानीत नाहीं. तेजींत सावध झालेला व्यापारी त्या वेळीं तोंडानें कांहीं बोलत नाहीं, कारण बोलला तर त्याचींच येणीं धोक्यांत येतात. कुळांस व प्रतिस्पर्ध्यांस सुगावा लागला कीं सगळेच एकदम हात आखडतात. त्याचा सावधपणा उरतो तो त्याच्या कीर्दींत व खतावणींत, आंकड्यांच्या रचनेंत. म्हणून तो शोधण्याचें काम आपल्यासारख्या दप्तरें उलगडणाऱ्यांकडे येतें.

प्रथम तेजी कशी आली तें पाहूं. अमेरिकेंत १८६१ सालीं यादवी युद्ध सुरू झालें. इंग्लंडांत त्या वर्षीं अमेरिकेहून वीस लाखांवर गांठी कापूस गेला होता. १८६२ सालीं अवघ्या पंचावन्न हजार गेल्या. लँकेशायरच्या गिरण्यांस हिंदुस्थानाशिवाय दुसरा आधार उरला नाहीं. मुंबईस कापसाचा दर अनेक पटींनीं चढला, आणि पांच वर्षांत नेहमींच्या किंमतीपेक्षां सुमारें आठ कोटी दहा लाख पौंड अधिक या शहरांत आले असें त्या काळच्या लेखकांनीं मोजलें आहे. भीमथडी व शिरूर हे कांहीं कापसाचे खास मुलूख नव्हेत. भीमेच्या व घोडनदीच्या कांठीं ज्वारी-बाजरी पिकते. तेव्हां तेजीचा ओघ या बाजूस आडवाटेनें आला. कापूस पिकविणाऱ्या प्रांतांत धान्याची जमीन कापसाखालीं गेली, धान्याचा भाव वाढला, गाडीभाडें वाढलें, मजुरी वाढली. पुण्यापासून पूर्वेस दिकसाळपर्यंतची आगगाडी १८५८ सालीं सुरू झाली होती, म्हणजे ती दौंडावरूनच जात होती. पुढें १८६३ सालीं बोरघाटाचें काम संपून मुंबईशीं अखंड रस्ता झाला. त्या कामावर या तालुक्यांतील माणसें व बैल पोटाला लागले. कुणब्याच्या हातीं रोकड खेळूं लागली आणि सावकाराच्या नजरेंत त्याची पत वाढली.

येथें एक गोष्ट विसरूं नये. कर्ज घेणाऱ्याची पत वाढली असें आपण म्हणतों, तेव्हां तो स्वतः पूर्वीपेक्षां अधिक मजबूत झाला असा अर्थ बहुधा नसतो. पिकाला आलेला भाव त्याच्या नांवावर मांडला गेला एवढेंच. या सालांत भीमथडी-शिरूरच्या गांवोगांवीं थोडक्या भांडवलाचे नवे सावकार उभे राहिले, आणि त्यांतील पुष्कळांचा पैसा पुणें किंवा नगर येथील मोठ्या पेढ्यांकडून व्याजानें आणलेला होता. जुना सावकार कुळाला बाप-आजापासून ओळखीत असे. नव्याला ती ओळख नव्हती, आणि तेजी असेपर्यंत तिची गरजही भासली नाहीं, कारण वसुली आपोआप होत होती. तीन-चार सुगींचा पैसा वेळेवर आला कीं मनुष्य तें आपल्या पारखीचें फळ समजूं लागतो. अतिविश्वासाचें खरें मूळ हेंच होय: वसुलीचें श्रेय भावाला द्यावयाचें तें सावकार स्वतःला देतो, आणि पुढच्या सालीं त्याच मापानें अधिक देतो.

मुंबईंत हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर व उघड्यावर घडली. तिचा विस्तार दिनशा वाच्छा यांनीं आपल्या पुस्तकांत केला असल्यामुळें येथें एकच उदाहरण पुरे. मुंबई बँकेला पूर्वींच्या कायद्यानें कंपन्यांच्या शेअरांवर कर्ज देण्यास बंधन होतें. १८६३ सालच्या नव्या कायद्यानें तें सैल झालें, आणि प्रेमचंद रायचंद व त्यांच्या मंडळींच्या वजनानें बँकेचा पैसा शेअरांच्या तारणावर वाहूं लागला. शेअर चढले म्हणून तारण वाढलें, तारण वाढलें म्हणून कर्ज वाढलें, आणि त्या कर्जानेंच पुनः शेअर चढले. अमेरिकेंतील ली सेनापतीनें एप्रिल १८६५ मध्यें शस्त्र ठेवलें. १ जुलै १८६५ हा वायद्याच्या सौद्यांचा पुरा होण्याचा दिवस होता. त्या दिवशीं पुष्कळांस देणें पुरें करितां आलें नाहीं. तेजींत २,८५० रुपयांस पोंचलेला मुंबई बँकेचा शेअर पुढें ८७ वर आला, आणि १८६८ सालीं बँकेचा व्यवहार गुंडाळावा लागला. चौकशी-मंडळानें दोष दिला तो विशेषतः १८६३ च्या कायद्यानें काढलेल्या बंधनाला व तें काढल्यानंतर कारभाऱ्यांनीं दाखविलेल्या ढिलाईला. बंधन काढण्याची वेळ लक्षांत घेण्याजोगी आहे: तें वाईट दिवसांत काढलें गेलें नाहीं, सर्व कांहीं उत्तम चाललें असतां, तें निरर्थक वाटूं लागलें म्हणून काढलें गेलें.

आतां सावकारी दप्तराकडे वळूं. सावध झालेला सावकार व गाफील सावकार यांच्या वह्यांत फरक कसा पडतो हें समजण्यासाठीं एक हिशेब मांडून पाहणें बरें. पुढील आंकडे कोणत्याही एका दप्तरांतील नाहींत. त्या काळच्या दरांच्या मापानें, समजुतीसाठीं घेतलेले आहेत.

घोडनदीच्या पेठेंतील दोन सावकार घ्या. दोघांचें स्वतःचें भांडवल चार हजार. पहिल्यानें पुण्याच्या पेढीकडून सहा हजार आणले, दरमहा दरशेंकडा बारा आणे व्याजानें, म्हणजे सालीना नऊ रुपये शेंकडा. एकूण दहा हजारांपैकीं साडेनऊ हजार कुळांकडे लाविले, दरमहा शेंकडा दोन रुपयांनीं. घरांत शिल्लक पांचशें. सर्व वसुली सुरळीत असतां त्याला कुळांकडून सालीं दोन हजार दोनशें ऐंशी रुपये व्याज येतें, पेढीला पांचशें चाळीस जातात, पदरीं सतराशें चाळीस राहतात. चार हजार भांडवलावर हें उत्पन्न म्हणजे तेजीचें खरें रूप होय.

दुसऱ्यानेंही आरंभ असाच केला. परंतु दोन-तीन चांगल्या सुगींत जो पैसा परत आला तो सगळा त्यानें पुनः लाविला नाहीं. त्यांतून पुण्याचें देणें फेडीत फेडीत दोन हजारांवर आणलें. कुळांकडील येणें पांच हजारांवर आलें, आणि घरांत एक हजार शिल्लक ठेविली. त्याचें सालीना व्याज बाराशें. पेढीला एकशें ऐंशी. पदरीं एक हजार वीस. म्हणजे तेजी चालूं असेपर्यंत दुसरा सावकार दरसाल सातशें वीस रुपये सोडून देत आहे, आणि पेठेंत लोक त्याला भितरा म्हणत असतील. सावधपणाची किंमत ती हीच, आणि ती तेजी जितकीं सालें टिकेल तितक्यांदां भरावी लागते. म्हणूनच सावधपणा दुर्मिळ असतो; समज नसल्यामुळें नव्हे, तर समज असूनही दरसाल सातशें वीस रुपये सोडणें जड जातें म्हणून.

आतां भाव उतरला असें धरा. चांगल्या सालीं मुद्दलापैकीं निम्मी वसूल होत असे. आतां एक पंचमांशच होते. त्याच वेळीं पुण्याची पेढीही अडचणींत आल्यामुळें आपल्या येण्यांपैकीं निम्मे परत मागते. पहिल्या सावकाराला तीन हजार द्यावयाचे आहेत. साडेनऊ हजारांच्या पंचमांशाचे एकोणीसशें व शिल्लक पांचशें, मिळून चोवीसशें. सहाशें कमी पडले. ते त्याला कोठून तरी काढावेच लागणार, आणि तो काढणार कुळांकडून: फिर्याद, हुकूमनामा, जप्ती. दुसऱ्याला पेढीचे एक हजार द्यावयाचे. वसुली एक हजार व शिल्लक एक हजार, म्हणजे तो देणें देऊनही एक हजार घरांत राखतो. पेढीनें सगळे दोन हजार मागितले असते तरी त्याला देतां आले असते. दोघांच्याही कुळांचें पीक सारखेंच बुडालें. पण पहिल्याच्या कुळाच्या दारांत कोर्टाचा बेलीफ उभा राहिला तो कुळाच्या दोषामुळें नव्हे, सावकाराच्या उसनवारीमुळें.

या हिशेबावरून संग्राहकास एक कसोटी मिळते. एखाद्या वहींत तेजीच्या सालांत कर्जवाटप कमी झालेलें दिसलें, एवढ्यावरून तो सावकार दूरदर्शी होता असा निर्णय देऊं नये. पैसा संपला म्हणूनही वाटप कमी होतें. दोहोंतील भेद शिल्लकेवरून व देण्यावरून कळतो. वसुली भरपूर, तरीही नवें वाटप कमी, आणि त्याच वेळीं मोठ्या पेढीचें देणें उतरत आहे व रोजमेळाची शिल्लक चढत आहे, असें एकत्र दिसलें तर तो सावधपणा होय. वाटप कमी व शिल्लकही कमी, आणि पेढीचें देणें तसेंच उभें असेल, तर ती ओढाताण होय. कीर्द व खतावणी या दोन्ही वह्या हातीं असल्याशिवाय हा भेद करितां येत नाहीं.

दुसरी कसोटी तारखेची. निर्णायक काल म्हणजे युद्ध संपल्याची बातमी येण्यापूर्वींचा. गुजर व पुष्कळ मारवाडी पेढ्या दिवाळीच्या पाडव्यास वही बदलीत. त्यांचा कार्तिकादि संवत १९२० हा साधारणतः नोव्हेंबर १८६३ पासून ऑक्टोबर १८६४ पर्यंत, आणि संवत १९२१ त्यापुढील दिवाळीपर्यंत चालतो. शोध घ्यावयाचा तो संवत १९२० ची वही व १९२१ चे पहिले पांच-सहा महिने यांत. चैत्रादि संवत लिहिणाऱ्याच्या वहींत चैत्र ते आश्विन या महिन्यांचा आंकडा एकानें अधिक येतो, हें लक्षांत न घेतल्यास १८६४ चा कागद १८६५ चा समजला जाऊन सगळा निष्कर्ष उलटा होतो. शिवाय मारवाडी लेखांत महिने पूर्णिमांत असल्यामुळें वद्य पक्षाच्या मित्या आपल्या महिन्याच्या पुढच्या नांवानें येतात; आपली फाल्गुन वद्य प्रतिपदा तेथें चैत्र वदि एक होते. एका पंधरवड्याच्या नांवांत चूक झाली तर बातमीच्या अलीकडची नोंद पलीकडे जाऊन बसते. मोडी कागदांत शके असतो, तेथें ही अडचण नाहीं. १८६५ च्या चैत्रांत शके १७८७ लागला.

तिसरी गोष्ट अधिक घोटाळ्याची आहे, आणि मुद्रित हकीकतींत ती फारशी उलगडलेली नाहीं. या सालांत जुन्या कर्जाचे नवे रोखे पुष्कळ लिहिले गेले. ते पाहून सावकार आपलें येणें पक्कें करून घेत होता असें वाटतें. वस्तुतः १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें नोंद न झालेल्या रोख्यावर तीन वर्षांच्या आंत दावा करावा लागत असे. म्हणून तीन वर्षें संपत आलीं कीं रोखा बदलणें भागच होतें. मागील मुद्दल व थकलेलें व्याज यांची बेरीज नव्या रोख्यांत नवें मुद्दल म्हणून घातली जाई, आणि दामदुपटीच्या जुन्या नियमाला अशा रीतीनें वळसा बसे, कारण मुद्दलच वाढलें कीं दुपटही वाढली. हे तीन-तीन वर्षांनीं येणारे नूतनीकरणाचे लोंढे दूरदर्शीपणाचे म्हणून मोजूं नयेत. ते कायद्याचे आहेत.

दूरदर्शीपणाचा रोखा वेगळा असतो. मुदत संपण्यास वर्ष-दीड वर्ष अवकाश असतांना, भाव चढे असतांना, सावकार साधें खातें बंद करून त्याजागीं जमिनीचें गहाणखत लिहवून घेतो. या मुहूर्तावर कुळाला तें सोपें वाटतें, कारण सुगी चांगली आहे आणि गहाण सोडवून घेऊं अशी खात्री त्याला आहे. अतिविश्वास दोन्ही बाजूंस असतो. सावकाराचा उतरूं लागला तरी कुळाचा चढताच राहतो, आणि त्या अंतराचा लाभ घेणें हाच येथें सावकाराचा डाव. अशा खतांत बहुधा "रोख घेतले" असा मजकूर असतो. त्या मितीची कीर्द उघडून पाहावी. कुळाच्या नांवें त्या दिवशीं रोकड पडली नसेल, आणि जुन्या खात्याची बाकी तेवढीच असेल, तर नवा पैसा दिला गेलाच नाहीं. विनातारण येणें तारणाचें झालें, एवढेंच घडलें. १८६४ च्या नोंदणी कायद्यानें शंभर रुपये व त्यावरील किंमतीच्या स्थावराच्या दस्तऐवजांस नोंदणी सक्तीची केली, त्यामुळें मोठ्या रकमांचीं अशीं खतें सरकारी दप्तरांतूनही पडताळून पाहतां येतात. लहान रकमांसाठीं मात्र खाजगी दप्तराशिवाय गति नाहीं.

हा पालट किती दूरवर झाला होता याचें माप दंग्यांच्या चौकशी-आयोगानें दिलें आहे. आयोगानें तपासलेल्या गांवांत सुमारें एक तृतीयांश खातेदार कर्जांत बुडालेले होते, त्यांचें कर्ज सरासरीनें सरकारी साऱ्याच्या अठरा पट होतें, आणि त्या कर्जापैकीं जवळजवळ दोन तृतीयांश जमिनीच्या गहाणावर उभें होतें. हा शेवटचा आंकडा बोलका आहे. धोका ओळखून आपलें येणें आंवरणाऱ्या सावकारांचे दोन वर्ग येथें दिसतात. एकानें आपलें वाटप व आपली उसनवारी कमी केली. धोका खरोखरच घटला. दुसऱ्यानें वाटप तेवढेंच ठेवून तारण मात्र बदललें. धोका घटला नाहीं, तो कुळाच्या जमिनीवर सरकला. दोघांच्याही वह्यांत बाहेरून सावधपणाच दिसतो, आणि दोघेही गुपचुप काम करितात. आमच्या मतें पहिल्यासच सावध म्हणावें. दुसऱ्याला चतुर म्हणावयास हरकत नाहीं. पण त्याचा चतुरपणा त्याच्याच हिताच्या दृष्टीनें अपुरा ठरला, कारण गहाणाची जमीन हातीं येते ती भाव पडल्यावर, म्हणजे तिला गिऱ्हाईक नसतांना, आणि ती कसावयाला पुनः तेंच कुळ लागतें. मूळ मालकास आपल्याच शेतांत वाटेकरी म्हणून राबवावयाचें, तर तो मनांत काय धरून राबेल हें १८७५ सालीं दिसलें.

या मांडणींत सरकारासही जागा द्यावी लागते, कारण तेजीच्या भावावर सर्वांत लांब मुदतीचा डाव त्यानेंच लाविला. इंदापूर तालुक्याची तीस वर्षांची मुदत संपून १८६७ सालीं नवी आकारणी झाली. मागोमाग भीमथडी, हवेली वगैरे तालुक्यांची. चढे भाव, आगगाडी, वाढलेली गाडीवाहतूक हीं सुबत्तेचीं चिन्हें धरलीं गेलीं, आणि कित्येक गांवीं सारा निमपटीनें, कांहीं ठिकाणीं दुपटीनें वाढला. तीन-चार सालांचा भाव पुढील तीस सालांच्या गळ्यांत बांधला गेला. सावकार आपला अंदाज एका दिवाळीस बदलूं शकतो. जमाबंदीस तें साधत नाहीं. १८७० नंतर धान्याचे भाव उतरले, आगगाडीच्या कामाची मजुरी आधींच आटली होती, आणि सारा भरण्यासाठीं कुळ पुनः सावकाराकडे गेलें. त्या वेळीं सावकार हात आखडून बसला होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें १८७३ सालीं या वाढीविरुद्ध तपशीलवार अहवाल केला. ऑक्टोबर १८७४ मध्यें मुंबई सरकारनें वाढीस मर्यादा घातली, ती तालुक्यास शेंकडा ३३, एका गांवास ६६ व एका खात्यास १०० अशी. आयोगाचे एक सभासद ऑकलंड कॉल्विन यांनीं नव्या आकारणीवर स्वतंत्र टीका केली. ही दुरुस्ती खरी. परंतु ती पडझडीनंतरची व जाहीर आहे. आपल्या प्रश्नाचें उत्तर तींत नाहीं.

दंगा ज्या रीतीनें झाला तिच्याकडे पाहिलें तर जमावास हा हिशेब कळत होता असें म्हणावें लागतें. सुप्यास धान्याचीं दुकानें लुटलीं गेलीं. कोठें कोठें जाळपोळही झाली. परंतु बहुतेक गांवीं माणसास इजा न करितां कागद मागितले गेले, आणि कागद मिळाले कीं जमाव पांगला. भीमथडी, शिरूर, इंदापूर या पुणें जिल्ह्यांतील व पारनेर, श्रीगोंदे वगैरे नगर जिल्ह्यांतील तीसांहून अधिक गांवें यांत आलीं, आणि नऊशें एक्कावन माणसें पकडलीं गेलीं. पुढें १८७९ सालीं दख्खन शेतकरी साह्य कायदा झाला, त्यानें न्यायाधीशास रोख्याच्या मागें जाऊन व्यवहाराचा मूळ हिशेब तपासण्याचा अधिकार मिळाला. म्हणजे "रोख घेतले" या मजकुरापुढें कीर्द ठेवण्याची जी रीत वर सांगितली, तीच न्यायालयांत आली.

या दंग्यामुळें संशोधकापुढें एक मोठा अडसर उभा आहे, आणि तो न सांगतां हा लेख पुरा करणें योग्य होणार नाहीं. जीं दप्तरें जळलीं तीं ज्यांच्यावर रोष होता त्यांचीं. जीं उरलीं तीं बहुधा ज्यांच्या दारांत जमाव आला नाहीं त्यांचीं. उरलेल्या वह्यांत सावध सावकार अधिक दिसले, तर तेवढ्यावरून त्या काळचे सावकार सावध होते असें म्हणतां येत नाहीं. गाफिलांचे कागद राखेंत गेले असें समजावें. यास एक तोड आहे. मोठ्या पेढीच्या खतावणींत गांवच्या लहान सावकारांचीं खातीं असतात. पुण्याच्या किंवा नगरच्या अशा एखाद्या पेढीची संवत १९१८ ते १९२५ ची खतावणी हातीं आली, तर तींतून ज्यांची दप्तरें जळलीं त्यांच्याही देण्याची चढउतार वाचतां येईल: कोणीं तेजींतच देणें फेडीत आणलें, आणि कोणीं शेवटच्या दिवाळीपर्यंत वाढविलें.

म्हणून संग्राहकांस एक विनंति आहे. घोडनदी, पाटस, केडगांव, दौंड, सुपें या बाजूंस जुनीं घरें मोडतांना वह्यांचे गठ्ठे निघतात, त्यांतून सुटे रोखे व मुद्रांकाचे कागद वेंचून घेण्याची व जाड वह्या रद्दींत टाकण्याची पद्धत पडली आहे. रोख्यावर शिक्का असतो, सही-निशाणी असते, तो भिंतीवर लावतां येतो. वही मुडिया किंवा मोडींत दाटीनें लिहिलेली, वाळवीनें खाल्लेली, म्हणून नकोशी वाटते. परंतु वहीवेगळा रोखा हा अर्धा साक्षीदार आहे. त्यांतील रक्कम खरोखर दिली गेली कीं जुनी बाकीच वेष पालटून आली, हें तो एकटा सांगूं शकत नाहीं. ज्या घरीं दोन्ही सांपडतील त्या घरचा गठ्ठा फोडूं नये, बांधणीचा दोरा होता तसाच ठेवावा, आणि वहीच्या पहिल्या पानावरील पूजनाची मिती, संवत व पेढीचें नांव आधीं उतरून घ्यावें. पुष्कळदां पुढील सगळ्या पानांवर नुसती तिथि असते, साल नसतें.